‘मुळे’ या शब्दाचा हिशेब

आबिड्सच्या मोठ्या टपाल कचेरीपासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, माझी नोकरीची शेवटची अठरा वर्षे गेली. खाली कापडाची दुकाने, समोर सायकलरिक्षांच्या जागी आलेल्या ऑटोंची रांग, आणि रविवारी कधी कामासाठी यावे लागले तर फूटपाथभर पसरलेला जुन्या पुस्तकांचा बाजार. सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या आबिद नावाच्या एका आर्मेनियन गृहस्थाचे दुकान येथे होते, त्यावरून या भागाला हे नाव पडले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेलच. दुकान गेले, माणूस गेला, नाव मात्र राहिले.

आमची कंपनी शेतीसाठी व घरांसाठी लागणारे पीव्हीसीचे पाइप बनवीत असे. कारखाना शहराबाहेर होता, कचेरी आबिड्सला. कंपनी लहान असली तरी तिचे भाग शेअरबाजारात नोंदलेले होते. त्यामुळे दर तिमाही संपली की पंचेचाळीस दिवसांच्या आत निकाल जाहीर करणे बंधनकारक होते. निकालाच्या तक्त्यासोबत आम्ही दोन पानांचे एक टिपण जोडीत असू. विक्री का वाढली, नफा का घटला, व्याज का बदलले, याचे व्यवस्थापनाने केलेले ते विवेचन. कायद्याने असे सविस्तर विवेचन फक्त वार्षिक अहवालात सक्तीचे आहे. तिमाहीचे टिपण ही आमच्या सेठजींची हौस होती. सेठजी मारवाडी, परंतु तीन पिढ्यांचे हैदराबादी. बोलणे अस्सल दखनी. लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, कारण लेखा विभागात वाक्य पूर्ण करणारा माणूस मी एकटाच, असे ते म्हणत.

मी पुष्कळ वर्षे ती वाक्ये पूर्ण केली. आज सांगायला संकोच वाटतो, पण त्यांतला एकही आकडा खोटा नव्हता आणि तरीही त्यांतली बरीच वाक्ये खरी नव्हती.

हे मला एका निवृत्त मराठी शिक्षकांनी दाखवून दिले. आमच्या वार्षिक सभेला ते नेमाने येत. त्यांच्याजवळ आमचे शंभर-दीडशे भाग असावेत. 2019 सालच्या सभेत ते उठले, पिशवीतून आदल्या वर्षीचा अहवाल काढला आणि माझेच वाक्य शांतपणे वाचून दाखविले: वितरणाचे जाळे विस्तारल्यामुळे व कार्यक्षमता वाढल्यामुळे विक्रीत वाढ झाली. मग त्यांनी त्या वर्षीचा अहवाल उघडला: बाजारातील प्रतिकूल परिस्थितीमुळे विक्रीत घट झाली. “गेल्या वर्षी वाढ झाली ती तुमच्यामुळे, यंदा घट झाली ती बाजारामुळे,” ते म्हणाले. “मग गेल्या वर्षी बाजार कुठे होता, आणि यंदा तुमची कार्यक्षमता कुठे गेली?” सभागृहात हशा पिकला. व्यासपीठाच्या कडेला फायली घेऊन बसलेल्या मला मात्र हसता आले नाही, कारण खरे कारण मला माहीत होते. आदल्या वर्षी एका सरकारी पाणीपुरवठा योजनेच्या ठेकेदारांनी आमच्याकडून मोठ्या प्रमाणात पाइप उचलले होते. काम संपले, खरेदी थांबली. विस्ताराचा आणि बाजाराचा त्यात फारसा संबंध नव्हता. हे कारण पहिल्याच वर्षी एका ओळीत लिहिता आले असते, आणि ते लिहिले असते तर त्या शिक्षकांना पुढल्या वर्षीची घट आधीच दिसली असती. सभेनंतर कोणीतरी मला म्हणाले की त्यांनी त्या चांगल्या वर्षाचा अहवाल वाचून आणखी काही भाग विकत घेतले होते.

हैदराबादेत हिशेबातील अप्रामाणिकपणाचा विषय निघाला की प्रत्येकाला सत्यम आठवते. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांचे ते पत्र प्रसिद्ध झाले. सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत विक्री 2,700 कोटी व तीवरील नफा 649 कोटी, म्हणजे शंभर रुपयांमागे चोवीस, असे जगाला सांगितले होते. पत्रातल्या कबुलीनुसार खरी विक्री 2,112 कोटी आणि नफा फक्त 61 कोटी, म्हणजे शंभरामागे तीन. मधला 588 कोटींचा फरक बँकेतील नसलेली शिल्लक म्हणून हिशेबात चढत गेला. आमच्या कचेरीत त्या दिवशी कोणी काम केले नाही. पण सत्यमची आठवण एका अर्थाने आम्हांला सोयीची पडली. आमचे आकडे खरे आहेत, बँकेतली शिल्लक बँकेत आहे, मग आम्ही प्रामाणिकच, असा एक निवांतपणा तिने आम्हांला दिला. आकडा खरा असूनही त्याचे कारण खोटे असू शकते, हा प्रश्न त्या गोंगाटात बाजूला पडला.

त्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला पुढे अमेरिकेतल्या एका प्रकरणात सापडले. माती उपसण्याची पिवळी यंत्रे बनविणारी कॅटरपिलर कंपनी सर्वांना माहीत आहे. 1989 साली तिचा नफा 497 दशलक्ष डॉलर होता. त्यातला सुमारे 23 टक्के नफा एकट्या ब्राझीलमधल्या उपकंपनीने मिळविला होता, आणि त्या उपकंपनीचा विक्रीतला वाटा मात्र अवघा 5 टक्क्यांच्या घरात. हा जास्तीचा नफा यंत्रे विकून आलेला नव्हता. ब्राझीलमधली भडकलेली महागाई, चलनाच्या दरातले फेरफार, निर्यातीवरील सवलती आणि करातील सूट यांतून तो आला होता. कंपनीच्या संचालकांना हे ठाऊक होते. मार्च 1990 मध्ये ब्राझीलात नवे अध्यक्ष आले व त्यांनी अर्थव्यवस्थेला कडक लगाम घातला, तेव्हा हा नफा टिकणार नाही याची चर्चाही संचालकांत झाली. परंतु वार्षिक अहवालातल्या विवेचनात किंवा पुढच्या तिमाहीच्या विवेचनात भागधारकाला यातले काही कळले नाही. जूनमध्ये कंपनीने एकाएकी सांगितले की यंदा नफा कमी होईल, ब्राझीलमुळे, आणि भाव कोसळला. 1992 च्या मार्चमध्ये तिथल्या रोखे नियामक आयोगाने कंपनीविरुद्ध आदेश काढला. फसवणुकीचा आरोप त्यात नव्हता. आकडे चुकीचे होते असेही कोणी म्हटले नाही. आक्षेप एवढाच होता की कंपनी स्वतःकडे ज्या दृष्टीने पाहत होती त्या दृष्टीने तिने वाचकाला पाहू दिले नाही.

मी ते वाचले आणि त्या शिक्षकांचा पिशवीतला अहवाल डोळ्यांसमोर आला.

आता 2021 च्या जानेवारीकडे येतो. कोविडमुळे अर्धी कचेरी रिकामी होती. ऑक्टोबर ते डिसेंबर 2020 या तिमाहीचे आकडे माझ्यासमोर होते आणि ते झळाळत होते. विक्री 54 कोटींवरून 68.4 कोटींवर गेली होती, म्हणजे जवळजवळ 27 टक्के वाढ. व्याज व घसारा यांच्या आधीचा नफा 5.4 कोटींवरून 10.2 कोटींवर. (आकडे येथे सोयीसाठी गोल केले आहेत, प्रमाण खरे आहे.) विपणन विभागाने माझ्याकडे मसुदा पाठविला होता: ग्रामीण भागातील जोरदार मागणी, नावाची वाढती प्रतिष्ठा आणि खर्चावरील नियंत्रण यांमुळे कंपनीने विक्रमी कामगिरी केली आहे. जुना मी तो मसुदा दोन स्वल्पविराम बदलून पुढे पाठविला असता.

या वेळी मी पहिली गोष्ट केली ती अशी की, कारखान्याकडून टनांचा आकडा मागविला. रुपयांच्या खाली टन असतात आणि विवेचन टनांपासून सुरू झाले पाहिजे, हे मला उशिरा उमगले. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत आम्ही 6,000 टन पाइप किलोला सरासरी 90 रुपये दराने विकले होते. या वर्षी 5,700 टन विकले, 120 रुपये दराने. विक्री वाढली नव्हती हो, घटली होती! वाढला होता तो भाव.

पुढचा हिशेब शाळकरी मुलालाही जमावा. 300 टन कमी विकले. जुन्या भावाने त्याचे 2.7 कोटी होतात, तेवढी विक्री कमी झाली. उरलेल्या 5,700 टनांवर किलोमागे 30 रुपये अधिक मिळाले, त्याचे 17.1 कोटी झाले. 17.1 मधून 2.7 वजा केले की 14.4 कोटी उरतात, आणि हीच ती वाढ. येथे एक खाच आहे, ती सांगून ठेवतो. कमी झालेले टन नव्या भावाने मोजले तर घट 3.6 कोटी होते आणि भाववाढीचा वाटा 18 कोटी. बेरीज तीच येते. दोन्ही रीती बरोबर आहेत. जी एकदा धरली ती दर तिमाहीला तीच ठेवायची आणि कोणती धरली ते टिपणात लिहायचे, एवढेच पथ्य. सोयीप्रमाणे रीत बदलणारा माणूस बेरीज न चुकविताही वाचकाला फसवू शकतो.

मग भाव का वाढला? पाइपचा कच्चा माल म्हणजे पीव्हीसी रेझिन, दिसायला पांढरी भुकटी. देशाला लागणाऱ्या रेझिनपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. 2020 च्या ऑगस्टअखेर लॉरा नावाचे चक्रीवादळ अमेरिकेतल्या लुइझियाना किनाऱ्यावर आदळले आणि तिथले रसायनांचे कारखाने बंद पडले. त्यातच जहाजांचे कंटेनर मिळेनासे झाले. जगभर रेझिनचा तुटवडा पडला व भाव चढत गेले. आमच्या टनांमधली घटही बऱ्याच अंशी त्याचीच: कच्चा माल न आल्याने काही दिवस यंत्रे उभी होती. म्हणजे ज्या तिमाहीला आम्ही ग्रामीण मागणीचा विक्रम म्हणणार होतो, तिच्यात सातासमुद्रापलीकडच्या एका वादळाने आमचे टन घटविले होते आणि आमचे रुपये वाढविले होते.

विक्रीचे हे असे झाले. नफ्याचा भाग अधिक नाजूक होता, आणि खरी कसोटी तेथेच लागली.

तिमाही सुरू झाली तेव्हा गोदामात सुमारे 2,000 टन रेझिन होते, म्हणजे महिन्याभराचा साठा; ते सरासरी 74 रुपये किलोने घेतलेले. तिमाहीत नवे आले ते सरासरी 99 रुपयांनी. पाइप मात्र सगळे चढ्या बाजाराच्या भावाने विकले गेले. हिशेबाच्या आमच्या पद्धतीत आधी आलेला माल आधी खर्ची पडतो. म्हणून पहिले 2,000 टन आम्हांला किलोमागे 25 रुपये स्वस्त पडले. दोन हजार टनांवर पंचवीस रुपये म्हणजे 5 कोटी. हा साठ्यावरचा लाभ. आदल्या वर्षीच्या तिमाहीत भाव स्थिर होता, त्यामुळे तेव्हा असा लाभ किंवा तोटा जवळजवळ नव्हता. आता पाहा: नफा वाढला 4.8 कोटींनी आणि साठ्याने दिले 5 कोटी. साठ्याचा लाभ बाजूला काढला तर नफा उरतो 5.2 कोटी, आदल्या वर्षीच्या 5.4 कोटींपेक्षा कमी. विक्रमी कामगिरीच्या पोटात किंचित घसरण दडलेली होती.

हा हिशेब सुटसुटीत दिसतो, पण त्याच्या मर्यादाही आहेत. जी कंपनी साठ्याची किंमत भारित सरासरीने धरते तिच्या हिशेबात हा लाभ असा वेगळा उठून दिसत नाही, तो पुढच्या महिन्यांत पसरतो. तिथे मालाची नवी किंमत कोणती धरायची यावर अंदाज करावा लागतो. आमच्याही हिशेबात महिन्याची सरासरी वापरली होती, प्रत्येक गोणीचा भाव नव्हे. म्हणून मी टिपणात ‘सुमारे 5 कोटी’ असे लिहिले आणि तो अंदाज कसा केला ते एका वाक्यात सांगितले. अंदाज असल्यामुळे आकडाच देऊ नये, असे विपणन विभागाचे म्हणणे होते. पण आकडा न देता नुसते ‘काही प्रमाणात साठ्याचा लाभही मिळाला’ असे लिहिले की वाचक आपल्या मनाने त्याला दहा टक्के समजतो. येथे तो शंभराच्या वर होता.

व्याजाची गोष्ट थोडक्यात सांगतो. व्याजाचा खर्च कमी झाला होता आणि मसुद्यात त्याचे श्रेय कर्जाच्या कुशल नियोजनाला दिले होते. वास्तविक भाव रोज चढत असल्यामुळे विक्रेते आगाऊ पैसे भरून माल अडवून ठेवीत होते. त्या पैशांवर आमचे कर्ज फिटले. यातून एक अडचणीचा प्रश्न उभा राहिला. त्या 5,700 टनांपैकी किती पाइप शेतात गाडले गेले आणि किती विक्रेत्यांच्या गोदामात पडून होते? ते आम्हांला माहीत नव्हते. मी तसेच लिहिले: विक्रेत्यांनी भाववाढीच्या अपेक्षेने साठा केला असण्याचा संभव आहे, त्याचे मोजमाप कंपनीजवळ नाही.

नवे टिपण दीड पानांचे झाले. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिले की साठ्यावरील लाभ कच्च्या मालाच्या भावावर अवलंबून आहे, भाव उतरले तर असाच तोटा होईल, आणि सध्याच्या साठ्यावर किलोमागे 10 रुपये भाव उतरल्यास तो साधारण 2 कोटींचा असेल.

सेठजींनी टिपण वाचले. चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा वाचले.

“रावसाब, ये क्या लिख दिए आप? दुनिया नफा दिखाती, आप नफे का पोस्टमॉर्टम करते!”

मी म्हटले, “सेठजी, आकडे तेच आहेत. एकही कमी केलेला नाही.”

“आकडे वही हैं, मगर हमारी मेहनत किधर गई? साल भर मैं झख मारा क्या?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्यांनी त्या तिमाहीत खरोखरच कष्ट केले होते. रेझिन कोणालाच मिळत नव्हते तेव्हा स्वतः फोन करकरून त्यांनी दोन पुरवठादारांकडून माल मिळविला होता. तो न मिळता तर 5,700 च्या ऐवजी पाच हजार टनही झाले नसते. मी म्हटले, ते लिहू या. ते कारण खरे आहे आणि आपले आहे. तसे एक वाक्य मी टिपणात घातले. त्यामुळे त्यांचा राग थोडा निवळला, परंतु दुसरा आक्षेप उरला आणि तो मला अधिक वजनदार वाटला. टनांचा आकडा जाहीर केला की प्रतिस्पर्ध्याला आपला सरासरी भाव कळतो, आणि उद्या विक्रेता तोच कागद पुढे करून भाव पाडून मागतो. यावर आम्ही दोन दिवस घालविले. शेवटी ठरले की एकूण टन द्यायचे, पण शेतीचे पाइप किती, घरगुती किती, कोणत्या प्रांतात किती, हे द्यायचे नाही. विक्रेत्याला त्याच्या जातीच्या पाइपचा भाव आमच्याहून चांगला ठाऊक असतो. सरासरीने त्याच्या हाती नवे काही लागत नव्हते. प्रामाणिकपणा म्हणजे दुकानाची कुलपे काढून ठेवणे नव्हे, हे मला त्या दोन दिवसांत मान्य करावे लागले.

हिशेब तपासनिसांनी टिपणावर मत दिले नाही. तिमाहीला ते मर्यादित परीक्षण करतात व ते तक्त्यापुरते असते. विवेचनाचे शब्द त्यांच्या कक्षेत येत नाहीत. म्हणजे आकड्याला पहारेकरी असतो, कारणाला नसतो. मला वाटते, याच मोकळ्या जागेत माझी पहिली पुष्कळ वर्षे सुखाने गेली. ऑडिट कमिटीवर बँकेतून निवृत्त झालेले एक स्वतंत्र संचालक होते. त्यांनी मात्र टिपण ओळीओळीने वाचले आणि विचारले, “भावाचा परिणाम 17.1 कशावरून? 18 का नाही?” रीत लिहिलेली होती, ती मी दाखविली. मग ते म्हणाले, “आता हे एकदा सुरू केले की बंद करता येणार नाही. वाईट तिमाहीतही हाच तक्ता आला पाहिजे.” सेठजी माझ्याकडे पाहत राहिले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, मुदतीच्या आत, निकाल बाजाराकडे गेले. पहिल्या दिवशी आमच्या भागाचा भाव थोडा उतरला. सेठजी माझ्याशी चार दिवस फक्त कामापुरते बोलले. घरी सौभाग्यवतीने विचारले, नोकरीचे काही बरेवाईट तर नाही ना? मला निवृत्तीला तीन वर्षे उरली होती आणि धाकट्याचे शिक्षण व्हायचे होते. मी नाही म्हटले, पण झोप काही लागली नाही. त्या चार रात्रींत मी आपण बरोबर केले की नाही, याचा विचार करण्यापेक्षा आपण हे दहा वर्षे आधी का केले नाही, याचाच विचार अधिक केला. उत्तर फार साधे होते. आधी कोणी विचारले नव्हते.

ऑडिट कमिटीतल्या त्या गृहस्थांचे बोलणे सव्वा वर्षाने खरे झाले. 2022 च्या एप्रिल ते जून या तिमाहीत रेझिनचे भाव झपाट्याने उतरले. गोदामात 1,800 टन चढ्या भावाने घेतलेला माल होता, किलोमागे 20 रुपयांनी बाजार खाली आला आणि 3.6 कोटींचा साठ्यावरचा तोटा झाला. सेठजी स्वतःच माझ्या टेबलाशी आले. “रावसाब, वो टेबल किधर है आपका? डालो, डालो. लोगों को मालूम होना कि ये नुकसान भाव का है, हमारा नहीं.” मी तक्ता काढला. वाढीच्या वेळी ज्या ओळीत 5 कोटी अधिक दाखविले होते त्याच ओळीत आता 3.6 कोटी उणे लिहिले. पहिल्या वेळी तो आकडा आम्ही लपविला असता तर या वेळी तो सांगूनही कोणी मानला नसता. सेठजींना हे मी बोललो नाही; त्यांना ते कळले असावे, कारण त्या दिवशी चहा त्यांनी मागविला.

त्या निवृत्त शिक्षकांबद्दल सांगायचे राहिले. कोविडनंतर वार्षिक सभा दूरदृश्य पद्धतीने होऊ लागल्या. त्यांना ते जमेना. परंतु फेब्रुवारी 2021 च्या टिपणानंतर पंधरा दिवसांनी त्यांचे एक पत्र कचेरीत आले होते, कंपनीच्या सेक्रेटरीच्या नावे, स्वच्छ बाळबोध अक्षरांत. स्तुती त्यात नव्हती. साठ्याचा हिशेब आपण पुन्हा करून पाहिला, तो जुळतो, एवढे लिहिले होते. पुढे त्यांनी विचारले होते: विक्रेत्यांकडील साठ्याचे मोजमाप कंपनीजवळ नाही असे आपण लिहिता, तर ते मोजण्यासाठी आपण काय करीत आहात?

पत्र माझ्या टेबलावर तीन दिवस पडून होते. चौथ्या दिवशी मी विपणन विभागाकडे गेलो. त्या महिन्यापासून आम्ही आमच्या पन्नास मोठ्या विक्रेत्यांना महिनाअखेरीस एक छापील पत्रक पाठवू लागलो, गोदामात किती पाइप शिल्लक आहेत ते कळवावे म्हणून. पहिल्या महिन्यात एकोणीस उत्तरे आली. त्यांतल्या चौघांनी टनांच्या ऐवजी नगांत आकडे दिले होते, आणि कोणत्या व्यासाचे नग ते लिहिले नव्हते.